फोटोसोबत फक्त ‘वर्णन द्या’ एवढंच आलं, तर वर्णन लिहायचं कुणासाठी?

कृष्णाकाठ_सांगली

आमच्या मंडळात आम्ही काही जण फोटोंची वर्णनं लिहून देतो. काम साधं आहे. कुणीही फोटो पाठवतो, आम्ही त्यात काय आहे ते मराठीत लिहून परत पाठवतो. सुरुवात झाली ती दोन-तीन अंध मित्रांसाठी. पण पावसाळ्यात नंबर सगळीकडे फिरला आणि आता अनोळखी लोकांचेही फोटो येतात. बरोबर निरोप एवढाच, ‘वर्णन द्या’. कोण वाचणार, कशासाठी वाचणार, काहीच नाही.

परवा आलेला एक फोटो सांगतो. उभा फोटो आहे. पुलाचा दगडी खांब, त्यावर पांढऱ्या पट्ट्यावर काळे आकडे, म्हणजे पाणीपातळीची पट्टी. खाली गढूळ, फेसाळ पाणी. खांबाला जलपर्णी अडकलेली. वर कठड्यावरून वाकून बघणारी माणसं, त्यांच्या छत्र्या, एकाचा हात मोबाईल धरून पुढे आलेला. पट्टीवर ४३ पासून वरचे आकडे दिसतात. ४५ पाशी लाल आडवी रेघ आहे. पुलाचं नाव कुठेही नाही, तारीख नाही.

आमच्यात तीन मसुदे तयार झाले. एकाने लिहिलं, ‘पुलावरून पूर बघणारी माणसं’. दुसऱ्याने लिहिलं, ‘आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी ४२.६ फूट’. तिसरीने अर्धं पान लिहिलं, त्यात छत्र्यांचे रंगसुद्धा आले. तिन्ही आपापल्या जागी ठीक वाटतात, आणि नेमकं पाठवायचं कुठलं ते ठरत नाही. तुम्ही काय कराल?

शेंगदाणा

वर्णन: पाणी. खूप पाणी.

टंकलेखक

यात ठरवण्यासारखं काही नाही. फोटोच्या वर्णनाला १२५ अक्षरांची मर्यादा असते, त्यापुढचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, कापून टाकतो. वेबसाईटचं काम करणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे. त्यामुळे अर्धं पान बाद. पहिला किंवा दुसरा मसुदा घ्या आणि मोकळे व्हा.

नादवेडा

टंकलेखक, मी अंध आहे आणि लॅपटॉपवर दिवसभर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. तो काही कापत नाही. पानभर लिहिलं तर पानभर वाचतो. जॉज नावाच्या दुसऱ्या स्क्रीन रीडरच्या जुन्या आवृत्तीत लांब मजकुराचे तुकडे पडायचे, तिथून ही १२५ ची गोष्ट निघाली आणि अजून फिरते आहे. काही ॲपमध्ये वर्णनाच्या रकान्याला मर्यादा असते, पण ती त्या ॲपची. एक्सवर हजार अक्षरं लिहिता येतात.

पण थोडक्यात लिहा हे तुमचं म्हणणं पूर्ण चुकीचंही नाही. फोनवरचा स्क्रीन रीडर टॉकबॅक सगळं एका दमात वाचतो. मध्येच थांबवलं तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. अर्ध्या पानाच्या वर्णनात पाण्याचा आकडा शेवटून दुसऱ्या ओळीत असेल, तर तिथे पोचेपर्यंत मी चार छत्र्या ऐकलेल्या असतात. त्यामुळे प्रश्न लांबीचा कमी आणि पहिल्या वाक्याचा जास्त आहे. पहिलं वाक्य ऐकून मला थांबता आलं पाहिजे, आणि हवं असेल तर पुढे ऐकता आलं पाहिजे.

आणखी एक. ‘या छायाचित्रामध्ये आपल्याला असे दिसते की’ हे लिहू नका. वेबपानावर स्क्रीन रीडर आधीच ‘ग्राफिक’ किंवा ‘इमेज’ असं बोलतो.

मिरजेची_आत्या

माझ्या फोनवरून तर फोटो अपलोडच होत नाही, फाईल मोठी आहे म्हणतं. कुणी लहान करायची युक्ती सांगेल का?

शेंगदाणा

आत्या, स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि तो उतरवून घ्या, आपोआप लहान होतो. धागा वेगळा आहे हो पण.

मिरजेची_आत्या

झालं हो! चला, मग आता वाचते धागा.

अण्णा_पाटबंधारे

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. पट्ट्या वाचण्यात नोकरी गेली म्हणा, म्हणून दुसऱ्या मसुद्याबद्दल लिहितो. ‘४२.६ फूट’ हा आकडा आला कुठून? फोटोत ४३ दिसतो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ४२ पाण्याखाली आहे आणि मधलं अंतर कुणीतरी डोळ्यांनी मोजलंय. यात चार गोष्टी फसवतात.

पहिली, आकडा रेघेच्या वर रंगवलाय की खाली की मधोमध, हे प्रत्येक रंगाऱ्याचं वेगळं. ४३ हा आकडा अख्खा पाण्याबाहेर आहे म्हणजे ४३ ची रेघ बाहेर आहेच असं नाही. दुसरी, फोटो वरून, कठड्यावरून काढलाय. वरून तिरकं बघितलं की पाण्याची कड पट्टीवर भलतीकडे टेकल्यासारखी दिसते. पट्टी वाचायची ती शक्य तितकं नजरेच्या रेषेत येऊन. तिसरी, वाहतं पाणी खांबाच्या वरच्या अंगाला चढतं आणि खालच्या अंगाला खचतं. पुराच्या वेगात हा फरक काही इंचांचा सहज होतो. फोटो कुठल्या अंगाचा आहे हे कळत नसेल तर इंच बोलूच नका.

चौथी गोष्ट सगळ्यात वाईट. ‘४२.६’ म्हणजे काय? आपल्याकडे बातम्यांत टिंब देऊन इंच लिहायची पद्धत आहे, म्हणून तर ‘४५.११ फूट’ असले आकडे छापून येतात. त्या हिशेबाने ४२.६ म्हणजे ४२ फूट ६ इंच, म्हणजे खरे साडेबेचाळीस. दशांश धरला तर ४२ फूट ७ इंचांहून थोडं जास्त. इथे फरक इंचाचा पडला. पण ‘४२.१०’ लिहिलं की एक जण ४२ फूट १० इंच समजतो आणि दुसरा ४२ फूट १ इंच.

नादवेडा

अण्णा, यात माझी भर. कुणी चिन्हांनी लिहिलं, फुटाला एक टिचकी आणि इंचाला दोन, तर एनव्हीडीएच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ती चिन्हं बोललीच जात नाहीत. मला ऐकू येतं ‘बेचाळीस सहा’. त्याचं काय करायचं? त्यामुळे ‘फूट’ आणि ‘इंच’ अक्षरांत लिहा.

दप्तरखाना

मी जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करते. माझी पहिली हरकत ‘आयर्विन’ या शब्दाला आहे. फोटोत नाव नाही, पाठवणाऱ्याने सांगितलं नाही, मग लिहिलं कशावरून? दगडी खांब आणि आपण सांगलीचे, म्हणून?

कृष्णाकाठ_सांगली

हो, साधारण तसंच. १९२९ चा पूल, लहानपणापासून बघतोय, खांब ओळखता येतात असं मसुदा लिहिणाऱ्याचं म्हणणं. मला मात्र शंभर टक्के खात्री नाही. फोटोत एकच खांब आहे, कमानही पूर्ण आलेली नाही.

अण्णा_पाटबंधारे

लाल रेघ ४५ ला आहे ना? मग आयर्विनच्या बाजूने जोर आहे. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ आणि धोका ४३. राजारामची पट्टी असती तर लाल खूण ४३ ला अपेक्षित होती.

दप्तरखाना

अण्णा, हा तुमचा तर्क झाला, आणि चांगला तर्क आहे. पण अंकली पुलालाही पट्टी आहे आणि तिच्या पातळ्या निराळ्या. इतर पुलांवर कुठे काय रंगवलंय ते आपण सगळं बघितलेलं नाही. तर्क लिहा, पण तर्क म्हणून लिहा. ‘४५ च्या पातळीला लाल आडवी रेघ आहे’ हे दिसतं, ते वर्णनात हवंच. वाचणारा माहीतगार असेल तर तो त्यावरून स्वतः ओळखेल. ‘आयर्विन पूल’ असं आपण छापलं की ते पुढे पुरावा होऊन फिरतं.

वारणेचा_वाघ

इथे फारच कीस पाडताय राव. एक आकडा इकडेतिकडे झाला तर काय फरक पडतो?

अण्णा_पाटबंधारे

फरक असा पडतो. समजा वर्णनात नुसतं ‘पाणी ४२ फुटांच्या वर’ एवढंच आहे. सांगलीतला माणूस वाचेल तर म्हणेल, इशारा ओलांडलाय, धोक्याला अजून जवळपास तीन फूट आहेत, रात्र काढू. कोल्हापूरचा वाचेल तर त्याच्यासाठी तेच पाणी धोका पातळीला टेकलंय. आकडा एक, निर्णय दोन. पट्टी कुठली हे सांगितल्याशिवाय फुटांना अर्थ नाही.

वारणेचा_वाघ

बरं, पटलं. पण मग सरळ पाठवणाऱ्यालाच विचारा ना, बाबा रे हे कुणासाठी? दोन मिनिटांचं काम. धाग्याचीच गरज नव्हती.

कृष्णाकाठ_सांगली

विचारतो की. पुराच्या दिवसांत उत्तर येत नाही. लोक फोटो टाकतात आणि फोन चार्जिंगला कुठे मिळेल ते शोधत फिरतात. कधी उत्तर येतं ते ‘असंच’, नाहीतर ‘ग्रुपवर टाकायचंय’. आता ग्रुपवर कोण कोण आहे ते त्यालाही ठाऊक नसतं.

नादवेडा

मला वाटतं ‘कुणासाठी?’ हा प्रश्नच वाया जातो. समजा तो म्हणाला ‘माझ्या काकांसाठी, त्यांना दिसत नाही’. तुम्ही काकांसाठी लिहिलंत. काकांनी ते शेजाऱ्याला पाठवलं, शेजाऱ्याने गावाच्या ग्रुपवर. तिथे ते कोण वाचतोय आणि त्यावरून गुरं हलवतोय का, हे काकांनाही माहीत नाही. एकच प्रश्न विचारायची संधी असेल तर ‘पट्टी कुठली आणि फोटो कधी काढला’ हे विचारा. त्याचं उत्तर सगळ्यांच्या कामाचं आहे.

दप्तरखाना

नादवेडा, अगदी. आणि ‘कधी’चं उत्तर आलं नाही तर आपण भरू नका. दर पावसाळ्यात २०१९ चे फोटो नव्याने फिरतात. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे चढताना एकदा आणि उतरताना एकदा ते ४३ वरून गेलंच असणार. हा फोटो त्यातला नाही हे कशावरून?

फोटोच्या आत तारीख असते म्हणतात, पण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की ती माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बहुधा टिकते. फाईलच्या नावातल्या तारखेवरही जाऊ नका. `IMG-20190808-WA0012.jpg` असं नाव असेल तर ती तारीख त्या फोनवर फोटो पोचल्याची आहे. फोटो काढला त्याच दिवशी असेल, नाहीतर आधी कधीही.

तासगावकर

हे सगळं शहाणपण ठीक आहे, पण माझा अनुभव वेगळा. २०१९ ला आमच्या मामाच्या घरात पाणी शिरलं. पंचनाम्यासाठी फोटो काढले, आणि एका भल्या माणसाने त्यांचं वर्णनही लिहून दिलं, ‘घराची पडझड व चिखल, हृदयद्रावक दृश्य’. कार्यालयात त्याचा काय उपयोग? तिथे विचारलं, पाणी किती चढलं होतं? फोटोत भिंतीवर चिखलाची रेघ स्पष्ट होती, स्विचबोर्डाच्या वर वीतभर. ते लिहिलंच नव्हतं. हृदय द्रवलं ते द्रवलंच. मामांना सहीसाठी पुन्हा हेलपाटा.

कृष्णाकाठ_सांगली

तासगावकर, हे फार कामाचं सांगितलंत. ‘स्विचबोर्डाच्या वर वीतभर’ हे फोटोतूनच कळतं, टेप लावावी लागत नाही. आणि अंध माणसालाही ती उंची लगेच कळते, कारण बोर्ड कुठे असतो ते हाताला माहीत असतं.

अण्णा_पाटबंधारे

चिखलाच्या रेघेवरून आठवलं. तुमच्या पुलाच्या फोटोत पाण्याच्या वर खांबावर ओला, गाळ चिकटलेला पट्टा दिसतो का? दिसत असेल तर पाणी वर जाऊन उतरलेलं असू शकतं. त्या वेळी लोकांना सगळ्यात जास्त हेच विचारायचं असतं, चढतंय का उतरतंय.

कृष्णाकाठ_सांगली

मोठा करून बघितला, अण्णा. पाऊस चालू असल्याने खांब वरपासून ओलाच आहे. गाळाचा वेगळा पट्टा काही दिसत नाही. जलपर्णी अडकली आहे ती अगदी पाण्यालगत.

अण्णा_पाटबंधारे

मग चढ-उताराबद्दल एक अक्षर लिहू नका. फोटो एका क्षणाचा असतो. ‘वाढत्या पाण्याची पातळी’ असं लिहायची फार सवय असते लोकांना.

टंकलेखक

माझ्या १२५ अक्षरांची खोड काढलीत, ठीक आहे. पण रंगांबद्दल तरी ऐका. छत्र्या लाल की निळ्या, पट्टा पांढरा की पिवळा, हे अंध वाचकाला सांगून काय मिळणार? तेवढं तरी गाळा.

नादवेडा

माझी दृष्टी विशीत गेली. मला लाल रंग चांगला आठवतो. जन्मांध मित्रालाही लाल म्हणजे धोक्याची खूण हे पक्कं माहीत आहे, तो याच जगात राहतो. शिवाय हे वर्णन वाचणारे सगळे पूर्ण अंध नसतात. माझ्या आईला मोतीबिंदू आहे. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन फोटो बघते आणि वर्णन ऐकत त्यातली वस्तू शोधते. ‘पांढऱ्या पट्ट्यावर काळे आकडे, वरच्या भागात लाल रेघ’ म्हटलं की तिला कुठे बघायचं ते सापडतं.

छत्र्यांचे रंग मात्र गाळा, त्याला माझं अनुमोदन. लाल रेघेचा रंग काम करतो, छत्रीचा नाही.

दप्तरखाना

छत्र्यांवर माझं मत राखून ठेवते. पन्नास वर्षांनी पूर बघायला आलेली माणसं कशी होती हे कुणाला तरी हवं असेल. हातात मोबाईल धरून फोटो काढणारा माणूस तर फोटोचा काळ सांगायला उपयोगी आहे.

शेंगदाणा

पन्नास वर्षांनी लोक विचारतील, हा छत्री म्हणजे काय प्रकार, पावसात भिजायचं नव्हतं तर आले कशाला.

मिरजेची_आत्या

मी सगळं वाचलं. माझा एक प्रश्न आहे. कठड्यावर जी माणसं आहेत त्यात कुणी ओळखीचं दिसलं तर नाव लिहायचं का? आमच्याकडे असे फोटो आले की लगेच ‘हा आपला अमक्याचा मुलगा’ सुरू होतं.

दप्तरखाना

आत्या, नाव नका लिहू. त्यांनी आपला फोटो काढायला सांगितला नव्हता. वर्णनात ‘कठड्याशी आठ-दहा माणसं’ पुरे.

मिरजेची_आत्या

बरोबर आहे तुमचं. पुरात घरचं कुणी हरवलंय म्हणून शोधणारा असेल तर?

दप्तरखाना

मग तो तसं सांगेल आणि त्याच्याशी वेगळं बोलता येईल. सरसकट लिहायला नको असं मला वाटतं. यावर मतभेद असू शकतात.

नादवेडा

आत्यांचा मुद्दा मला अस्वस्थ करतो. डोळस माणूस फोटो उघडून स्वतः ओळख पटवतो, मला ते करता येत नाही. नाव नको, पण ‘पिवळा रेनकोट घातलेली बाई’ इतकं असेल तर मी निदान पुढे विचारू शकतो. म्हणजे थोडक्यात मी माझंच छत्र्यांबद्दलचं वाक्य अर्धं मागे घेतोय, हे मलाही दिसतंय.

शेंगदाणा

नादवेडांना दिसलं, टंकलेखकांना अजून दिसलं नाही.

नादवेडा

खिक्. हा विनोद मी आधी करायला हवा होता.

कोडकीडा

पुण्यात वेबसाईटींचं काम करतो. मजकुराबद्दल तुम्ही सगळं बोललात, एक तांत्रिक गोष्ट राहिली. मंडळाच्या साईटवर हे वर्णन टाकणार असाल तर भाषा सांगा. पान इंग्रजी म्हणून नोंदलेलं असेल तर इंग्रजी आवाज मराठी अक्षरं गाळतो, नाहीतर काहीतरी भलतंच बोलतो. फोटोच्या टॅगमध्येच असं लिहिता येतं:

```html
<img src="pul.jpg" lang="mr"
     alt="पुलाच्या खांबावरची पाणीपातळीची पट्टी.">
```

ज्याच्या यंत्रात मराठी आवाज आहे आणि भाषा आपोआप बदलायची सोय चालू आहे, त्याला मग ते मराठीत ऐकू येतं. यातला `alt` म्हणजे स्क्रीन रीडर फोटोऐवजी वाचतो तो मजकूर. लांब वर्णन `alt` मध्ये कोंबू नका. तिथे पहिलं वाक्य ठेवा आणि बाकीचं फोटोच्या खाली साध्या परिच्छेदात द्या. म्हणजे डोळसांनाही ते वाचता येतं आणि ज्याच्याकडे नेट मंद असल्याने फोटो उतरत नाही त्यालाही. पुरात तर असे लोक खूप असतात. `alt` रिकामा मात्र ठेवू नका. रिकाम्याचा अर्थ ‘सजावटीचं चित्र, वगळा’ असा होतो आणि स्क्रीन रीडर ते खरोखरच वगळतो.

व्हॉट्सॲपवर अशा वर्णनासाठी वेगळा रकाना नाही. तिथे फोटोखालच्या ओळीतच लिहायचं.

नादवेडा

आणि व्हॉट्सॲपवर फोटो आणि वर्णन वेगवेगळ्या निरोपांत पाठवू नका. मध्ये कुणाचा ‘सुप्रभात’ येतो आणि मग कुठलं वर्णन कुठल्या फोटोचं ते कळत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचं ऐकून मसुदा नव्याने लिहिलाय. पाठवणाऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही असं धरूनच. बघा.

‘पुलाच्या दगडी खांबावरची पाणीपातळीची फूटपट्टी, पाण्याबाहेर दिसणारा सगळ्यात खालचा आकडा ४३, ४२ दिसत नाही. ही पट्टी कुठल्या पुलाची आणि फोटो कधीचा, हे फोटोवरून कळत नाही आणि पाठवणाऱ्याने सांगितलेलं नाही. पांढऱ्या पट्ट्यावर काळे आकडे आहेत, ४५ च्या पातळीला लाल आडवी रेघ आहे, ती पाण्याच्या वर आहे. फोटो वरून तिरका काढलेला असल्याने इंच वाचता येत नाहीत. पाणी गढूळ आणि फेसाळ आहे, खांबाला पाण्यालगत जलपर्णी अडकली आहे. पाऊस पडतोय. वर कठड्याशी आठ-दहा माणसं छत्र्या घेऊन वाकून बघत आहेत, एकाने मोबाईल पुढे धरला आहे.’

अण्णा_पाटबंधारे

छान. ‘फूटपट्टी’ म्हणालात, पण आकडे फुटांचे आहेत हे पट्टीवर लिहिलंय का? मीटरच्या पट्ट्याही असतात. पुलाच्या पट्टीवर एकापाठोपाठ ४३, ४४, ४५ असे इतके जवळ आहेत म्हणजे फूटच असणार, पण दप्तरखाना बाई आता मला सोडणार नाहीत.

दप्तरखाना

नाहीच सोडणार! ‘पाणीपातळीची पट्टी’ करा आणि पुढे ‘आकडे बहुधा फुटांचे’. ‘बहुधा’ लिहिलेलं चालतं, न लिहिता खात्री दाखवलेली चालत नाही.

नादवेडा

माझी तक्रार क्रमाबद्दल. पहिलं वाक्य ऐकून मी थांबलो तर माझ्या डोक्यात ४३ राहील आणि पट्टी सांगलीची असं मीच धरेन, कारण मी सांगलीचा. ‘ठिकाण आणि तारीख माहीत नाही’ हे आकड्याच्या आधी आलं पाहिजे.

दप्तरखाना

माहीत नसलेल्या गोष्टीने वर्णन सुरू करायचं? वाचणारा तिथेच सोडून देईल. फोटोत काय आहे ते आधी, मग मर्यादा.

तासगावकर

सोडून दिलं तर दिलं. चुकीचं धरून गुरं दावणीला ठेवण्यापेक्षा बरं.

कोडकीडा

एकाच वाक्यात बसवा ना. ‘ठिकाण व तारीख न कळवलेला फोटो: पुलाच्या खांबावरची पाणीपातळीची पट्टी, सगळ्यात खालचा दिसणारा आकडा ४३.’ `alt` मध्ये एवढंच.

नादवेडा

हे चालेल मला.

दप्तरखाना

मला फारसं आवडलं नाही, पण पुरासाठी चालवून घेईन. संग्रहात ठेवताना माझ्या क्रमाने ठेवणार.

कृष्णाकाठ_सांगली

आत्ताच पाठवणाऱ्याचं उत्तर आलं. ‘कुठला पूल माहीत नाही, मला पण फॉरवर्डच आलाय.’ कोडकीडांचं पहिलं वाक्य आणि खाली सुधारलेला परिच्छेद असं पाठवलं त्याला. त्याने अंगठा दाखवला आणि पाठोपाठ दुसरा फोटो टाकलाय, गुडघाभर पाण्यात उभी असलेली एसटी. बसवरची पाटी अर्धीच दिसते, ‘...वाडी’ एवढं वाचता येतंय.

वारणेचा_वाघ

नृसिंहवाडी असणार!

दप्तरखाना

वाघोबा, आष्ट्याच्या पुढे मोजायला बसलात तर किती वाड्या निघतील?